विवाद से विश्वास: सवलत किती हे नंतर बघा, आधी खतावणी उघडा

३१ जानेवारी २०२५ जवळ आली तसा मोंढ्यात एकच विषय चालला होता. 'विवाद से विश्वास' मध्ये बसायचं की केस चालू ठेवायची? आयकराची जुनी अपिलं मिटवायची ही केंद्राची योजना १ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झाली होती. कमी दरात बसायची मुदत आधी ३१ डिसेंबर होती, ती नंतर ३१ जानेवारी २०२५ केली होती. बातमी मीही दिली होती, चार ओळींत. पण घरातच हा प्रश्न आला तेव्हा कळलं की चार ओळींत यातलं काहीच सांगून होत नाही. म्हणून जरा लांबड लावतोय. दादाला विचारूनच लिहितोय. ओळख पटेल असे तपशील गाळलेत आणि हिशोब समजायला सोपा जावा म्हणून मूळ आकडा गोल केलाय.

आधी एक गैरसमज दूर करतो. २०२३ साली राज्य सरकारची अभय योजना आली होती, ती आपल्याकडच्या व्यापाऱ्यांच्या डोक्यात पक्की बसली आहे. जीएसटीच्या आधीच्या व्हॅट वगैरे करांची ती थकबाकी होती. एखाद्या वर्षाची दोन लाखांपर्यंतची थकबाकी पूर्ण माफ, आणि पन्नास लाखांपर्यंत असेल तर वीस टक्के भरा, बाकी सोडलं. त्यामुळं 'योजना' म्हटलं की लोकांना वाटतं, वीस टक्क्यांत सुटका. आयकराची ही योजना तशी नव्हती. करदात्यानं स्वतः अपील केलं असेल तर यात कराचा एक रुपयाही सुटत नव्हता. वादातला कर पूर्ण भरायचा, काही जणांना त्याहून दहा टक्के जास्त. सुटत होतं ते व्याज आणि दंड. (अपील खात्यानं केलेलं असेल, किंवा तोच मुद्दा वरच्या पायरीवर तुमच्या बाजूनं लागलेला असेल तर निम्मं भरावं लागत होतं. पण अशा केसेस आपल्याकडं कमी.) म्हणजे "किती टक्के माफ?" हा इथं पहिला प्रश्नच नव्हता. पहिला प्रश्न असा, की लढलो तर मूळ कर टिकेल का उडेल?

आता दादाची केस. लातूर जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी दादाचं कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं, खत, औषध. हा धंदा कसा चालतो ते शेतकऱ्याला सांगायला नको. जून-जुलैत माल उधारीवर जातो आणि सोयाबीन निघालं की दिवाळीच्या आगेमागे वसुली येते. २०१५ ला आपल्याकडं दुष्काळ होता, पुढच्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणलं ते सगळ्या देशानं बघितलं. त्या वर्षीची वसुली जवळपास बुडाली होती. २०१६ ला पाऊस झाला आणि त्या दिवाळीत चालू वर्षाची उधारी आली, मागचीही बरीच आली. दिवाळी होती ३० ऑक्टोबरला. ८ नोव्हेंबरला रात्री आठ वाजता नोटाबंदी.

दादानं त्या पन्नास दिवसांत बँकेत चौदा लाख जमा केले. रिटर्न तपासणीला लागलं. अधिकाऱ्यानं चार लाख मान्य केले आणि दहा लाखांचा खुलासा पटत नाही म्हणून ते बेहिशेबी धरले. डिसेंबर २०१९ च्या शेवटच्या आठवड्यात ऑर्डर आली. अधिकाऱ्याचं म्हणणंही समजून घ्यायला पाहिजे. नोव्हेंबर २०१५ च्या मानानं नोव्हेंबर २०१६ ची रोकड अचानक फुगलेली दिसत होती, आणि अशी उडी दिसली की बारकाईनं बघा, अशाच सूचना तेव्हा मंडळाकडून होत्या. दुष्काळाचं वर्ष आणि पावसाचं वर्ष यातला फरक खात्याच्या तक्त्यात दिसत नाही. तो आपल्याला दाखवून द्यावा लागतो.

बेहिशेबी रोकड ठरली की तिला नेहमीचे स्लॅब लागत नाहीत. त्या वर्षासाठी कलम ११५बीबीई खाली साठ टक्के कर, त्यावर पंचवीस टक्के अधिभार, त्यावर तीन टक्के उपकर होता. शंभर रुपयांमागं सव्वासत्त्याहत्तर रुपये. दहा लाखांवर ७,७२,५०० रुपये झाले. वर एप्रिल २०१७ पासून ऑर्डरपर्यंतचं तेहतीस महिन्यांचं व्याज अडीच लाखांच्या वर. एकूण डिमांड १० लाख २७ हजार. दादानं २४ जानेवारी २०२० ला अपील केलं आणि वसुली थांबावी म्हणून डिमांडचे वीस टक्के, म्हणजे २ लाख ५ हजार भरले.

वसुली थांबते, व्याज थांबत नाही. बहुतेकांना हे ठाऊकच नसतं. स्टे मिळाला तरी न भरलेल्या डिमांडवर महिन्याला एक टक्का चढतच राहतो. दादाच्या बाबतीत तो महिन्याला ८,२०० रुपयांच्या आसपास होता. पाच वर्षांत जवळजवळ पाच लाख झाले. अपील पूर्ण हरलं तर साठ हजारांचा दंडही बसेल. जानेवारी २०२५ मध्ये पूर्ण हार धरली तर हिशोब १५ लाख ८० हजारांवर जात होता.

योजनेत बसलं तर? इथं तारखेची गंमत होती. ज्यांचं अपील ३१ जानेवारी २०२० ला किंवा त्याआधीपासून त्याच पायरीवर पडून होतं त्यांना ११० टक्के. त्यानंतर अपिलात आलेल्यांना १०० टक्के. कारण ३१ जानेवारी २०२० पर्यंतच्या अपिलांसाठी २०२० सालीच पहिली 'विवाद से विश्वास' आली होती. तेव्हा बसला नाहीत, आता दहा टक्के जास्त द्या, असा हिशोब होता. नोटाबंदीच्या बऱ्याच ऑर्डरी डिसेंबर २०१९ अखेर निघाल्या, कारण मुदतच ३१ डिसेंबरची होती. अपिलाला तीस दिवस. त्यामुळं ज्यानं वेळेत अपील केलं तो बहुतेक वेळा ११० टक्क्यांत सापडला. आमच्याच बाजारपेठेतल्या एका कापड व्यापाऱ्याचं पहिलं अपील फेटाळलं गेलं आणि २०२३ मध्ये तो ट्रिब्युनलला गेला. पायरी बदलली म्हणून त्याला १०० टक्केच. तेव्हा आपल्या अपिलाची पोचपावती काढून तारीख बघायची, मगच आकडा मांडायचा होता.

दादाचे ११० टक्के म्हणजे ८ लाख ५० हजार. भरलेले २ लाख ५ हजार वजा जाता ६ लाख ४४ हजार द्यायचे. ३१ जानेवारी २०२५ नंतर हाच दर १२० टक्के होता.

पंधरा लाख ऐंशी हजार की साडेआठ लाख? असं मांडलं की कोणीही म्हणेल, मिटवा. वहिनीचंही तेच म्हणणं होतं. "पाच वर्षं झाली, पोस्टमन दारात आला की ह्यांचा बीपी वाढतो. द्या आणि मोकळे व्हा." दादाचं उलटं. "मी भरले म्हणजे चोर होतो असं कबूल केल्यासारखंच की." दादाची ही भीती कायद्याला धरून नाही. योजनेत बसणं म्हणजे आपली बाजू चुकीची होती अशी कबुली नव्हे, असं त्या कायद्यातच लिहिलंय, आणि त्या प्रकरणात पुढं खटलाही भरता येत नाही. हे सांगितल्यावर दादा जरा शांत झाला. मग आम्ही दोघं सीए साहेबांकडं गेलो.

सीए साहेबांनी टक्केवारीचा कागद बाजूला सारला आणि म्हणाले, "खतावणी आणलीय का?"

त्यांचं सांगणं असं होतं. पूर्ण हार आणि पूर्ण जीत ही दोन टोकं झाली. अपिलात बऱ्याचदा मधलंच काही होतं. काही रक्कम टिकते, काही उडते. जी टिकते तिच्यापुरताच कर, तिच्यापुरतंच व्याज, आणि ते पहिल्यापासून नव्यानं मोजलं जातं. म्हणून एक आकडा काढायचा: दहा लाखांतले किती टिकले तर लढणं आणि मिटवणं सारखंच पडतं? दादाच्या केसमध्ये तो निघाला साधारण पावणेसहा लाख. त्याहून जास्त टिकणार असतील तर योजना स्वस्त. कमी टिकणार असतील तर लढणं स्वस्त. ही मापाची दोरी एकदा हातात आली की घरातला अर्धा गोंधळ तिथंच संपतो.

मग दहा लाखांचे तुकडे केले. सात लाख ८ नोव्हेंबरपर्यंतच्या रोकड वहीत आहेत. बहुतेक उधारीची वसुली. प्रत्येक नोंदीला खतावणीचं पान आहे, त्या पानावर जून-जुलैतली मालाची नोंद आहे आणि तो माल दुकानातून गेला याचा पुरावा खताच्या साठा रजिस्टरमध्ये आहे. खताच्या परवान्यासाठी हे रजिस्टर ठेवावंच लागतं, कृषी खात्याचे निरीक्षक ते तपासतात, त्यामुळं ते नंतर बसून लिहिलं असं सहज म्हणता येत नाही. दुसरी गोष्ट, तीच विक्री दादानं रिटर्नमध्ये दाखवलेली आहे आणि अधिकाऱ्यानं ती मान्य केली आहे. विक्री मान्य, वह्या फेटाळलेल्या नाहीत, मग तिचेच आलेले पैसे बेहिशेबी कसे? याच मुद्द्यावर नोटाबंदीच्या कितीतरी केसेसमध्ये ट्रिब्युनलनी ॲडिशन काढून टाकल्या आहेत. २०१५ च्या दुष्काळाची थकलेली उधारीही खतावणीत नावानिशी दिसते. रोकड का फुगली याचं उत्तर तिथंच आहे.

उरलेले तीन लाख मात्र ८ नोव्हेंबरनंतरचे. लोक जुन्या नोटा घेऊन उधारी फेडायला आले आणि दादानं घेतल्या. त्या वेळी आपल्याकडं कोण नाही म्हणत होतं? पण त्या नोटा तेव्हा कायदेशीर चलन नव्हत्या, आणि या नोंदींमागं वहीशिवाय दुसरं काही नाही. सीए साहेब स्पष्ट म्हणाले, "हे टिकतील असं धरून चला. वाचले तर नशीब."

तीन लाखच टिकले तर जानेवारी २०२५ मध्ये एकूण देणं साधारण ३ लाख ८८ हजार. उलटं झालं, म्हणजे सात टिकले आणि तीन उडाले, तर १० लाख ७० हजार. योजनेत साडेआठ. आमचा अंदाज पहिल्या बाजूला झुकतो, म्हणजे साडेचार लाखांहून जास्त फरक. शिवाय साठ टक्क्यांचा दर त्या वर्षाच्या व्यवहारांना लागतो का हाच वाद आहे. दर वाढवणाऱ्या दुरुस्तीवर राष्ट्रपतींची सही १५ डिसेंबर २०१६ ची. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये म्हटलं, की वाढीव दर १ एप्रिल २०१७ नंतरच्या व्यवहारांना लागेल, आधीच्यांना जुना तीस टक्केच. तो निकाल आपल्या राज्यावर बंधनकारक नाही, त्यावर हवेली बांधू नये. पण अपिलात हा मुद्दा घ्यायला हरकत नाही.

मग मी विचारलं, तीन लाखांचं योजनेत मिटवून सात लाखांचं लढता येईल का? नाही. अपील एक असेल तर सगळं मिटवा नाहीतर सगळं लढा. मुद्दे वेगळे काढता येत नव्हते. फॉर्म भरल्यावर खात्याचं रकमेचं प्रमाणपत्र निघालं, की पहिल्या पायरीवरचं आणि ट्रिब्युनलमधलं अपील मागं घेतल्यासारखं व्हायचं. हायकोर्टात असेल तर स्वतः जाऊन मागं घ्यावं लागत होतं आणि त्याचा पुरावा द्यावा लागत होता.

पण एक रस्ता योजनेच्या बाहेर आहे आणि त्याची कोणी जाहिरात करत नाही. अपील चालू ठेवून डिमांडचा काही भाग आपण होऊन भरता येतो. जेवढं भराल तेवढ्यावरचा एक टक्क्याचा मीटर त्या महिन्यापासून थांबतो. जिंकलात तर ते पैसे परत मिळतात, महिना अर्धा टक्का व्याजासकट. म्हणजे उशीर आपला झाला तर वर्षाला बारा टक्के, परतावा त्यांच्याकडून आला तर सहा. हा फरक बघता, जो भाग हरणार असं मनातून वाटतं तो अंगावर ठेवणं हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. दादाच्या तीन लाखांच्या भागाचा कर आणि ऑर्डरपर्यंतचं व्याज मिळून ३ लाख ८ हजार होतात. त्यातले २ लाख ५ हजार आधीच गेलेत. उरलेलं एक लाख तीन हजाराचं चलन गेल्या आठवड्यात भरलं. भरताना 'रेग्युलर असेसमेंट', म्हणजे ४०० नंबरचं खातं निवडायचं आणि त्याच वर्षाच्या डिमांडवर टाकायचं, नाहीतर पैसे भलत्याच वर्षात अडकतात. योजनेनं जे अर्धं-अर्धं करू दिलं नाही, ते आम्ही असं घरीच केलं.

याची किंमतही सांगायला हवी. सात लाखांच्या भागावरचं व्याज चालूच राहणार, महिन्याला सात हजारांच्या वर. पहिल्या पायरीवर हरलो तर ट्रिब्युनल, तिथली फी दहा हजार, वकील वेगळा. अजून तीन वर्षं लागली तर अडीच लाखांच्या वर व्याज चढेल आणि दोरीचं माप दर महिन्याला थोडं थोडं खाली सरकेल. दादा अठ्ठावन्नचा आहे. काही बरंवाईट झालं तर हे प्रकरण वारसांकडं येतं, जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असली तरी कागद त्यांनाच सांभाळायचे. हे सगळं पुतण्याला समोर बसवून सांगितलं, कारण उद्या खतावणी त्याला दाखवावी लागेल. तो म्हणाला, "काका, वही खरी आहे ना? मग लढू." वहिनी अजूनही राजी नाही, आणि तिचंही चुकीचं नाही. पाच वर्षांच्या झोपेचा हिशोब सीएच्या कागदावर येत नाही.

तो कापड व्यापारी मात्र योजनेत बसला, आणि मी त्याला शहाणाच म्हणेन. त्याच्याकडं एकाच रात्रीत, ८ नोव्हेंबरला, महिन्याभराची विक्री दाखवली होती. तेवढा माल दुकानात होता हे सांगणारं स्टॉक रजिस्टर नाही. अशा वहीवर लढायला गेलं तर वरच्या पायरीवर तेच होतं, फक्त व्याज वाढून. सरकार त्याला व्याज आणि दंड सोडत होतं, त्यानं घ्यायलाच पाहिजे होतं.

म्हणून कोणाच्या घरात ही फाईल असेल तर त्या आठवड्यात हे करायचं होतं. ऑर्डर उघडायची आणि ॲडिशनचे तुकडे पाडायचे. प्रत्येक तुकड्यासमोर वहीबाहेरचा कागद कोणता आहे ते लिहायचं, आणि तो तपासणीच्या वेळी दिला होता का तेही. नवा कागद अपिलात द्यायचा तर परवानगी आणि कारण दोन्ही लागतं, त्यामुळं तेव्हा दिलेलेच कागद धरायचे. मग आपल्या सीएला तो एक आकडा काढायला सांगायचा: किती टिकलं तर दोन्ही सारखं. बसायचंच ठरलं तर घाबरून ३१ जानेवारीच्या आत सगळे पैसे गोळा करायची गरज नव्हती. त्या तारखेच्या आत पोर्टलवर फॉर्म १ दाखल झाला पाहिजे होता. त्यानंतर खात्याकडून रकमेचं प्रमाणपत्र, फॉर्म २, यायचं आणि ते मिळाल्यापासून पंधरा दिवसांत भरायचं होतं. भरल्याची माहिती फॉर्म ३ मध्ये द्यायची, आणि शेवटी खात्याचा फॉर्म ४ आला की प्रकरण बंद. तो फॉर्म ४ हातात येईपर्यंत फाईल माळ्यावर टाकू नका.